धागा: रील पसरली, १४३ डब्यांचे पैसे आले, आणि बिरडं सोलायला आम्ही दोघीच

अनघा_पाचपाखाडी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. घाईत लिहिते आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. गेली चार वर्षं सासूबाई आणि मी मिळून शनिवारी घरगुती डबे देतो. सीकेपी पद्धतीचं वालाचं बिरडं, कधी खाजाचे कानवले, निनावाच्या दिवशी निनाव. शनिवारी पंधरा ते वीस डबे होतात. सगळे ओळखीचे, नाहीतर ओळखीच्यांच्या ओळखीचे.

गेल्या शनिवारी डबा नेलेल्या एका मुलीने काल संध्याकाळी त्याची रील टाकली. डबा उघडते, वाफाळत्या भातावर बिरडं घालते, पहिला घास खाऊन डोळे मिटते आणि म्हणते, "माझ्या आजीनंतर हे पहिल्यांदा." खाली माझा नंबर. तिने प्रेमाने केलं, मला विचारूनच केलं. मी हो म्हणाले तेव्हा चार जास्तीचे डबे जातील असं डोक्यात होतं.

आज सकाळी उठले तर व्हॉट्सॲपवर ३०० च्या वर मेसेज. आता ६४० झालेत. फोन सतत वाजतो, हातात गरम लागतो. दुपारपर्यंत जो विचारेल त्याला "हो, शनिवारी" म्हणत गेले आणि लोक पैसे पाठवत गेले. संध्याकाळी वही घेऊन बसले तेव्हा कळलं, ७१ जणांनी मिळून १४३ डब्यांचे पैसे भरलेत. डबा १६० रुपयांचा, म्हणजे २२,८८० रुपये माझ्या खात्यात पडलेत आणि मला रात्रीची झोप नाही.

येत्या शनिवारी १४३ डबे कसे द्यायचे? की पैसे परत करायचे? आणि उरलेल्या शेकडो मेसेजना काय उत्तर द्यायचं? आई (सासूबाई) म्हणतात, "करू गं, होईल." त्या ६८ वर्षांच्या आहेत.

---

घोडबंदरकर | सोमवार, रात्री ९:५८

अभिनंदन ताई! रील किती वाजता टाकली होती आणि गाणं कोणतं लावलं होतं? माझ्या बायकोचं केकचं पान आहे, सहा महिने झाले, दोनशेच्या पुढे जात नाही.

---

सुलभा_नौपाडा | सोमवार, रात्री १०:०५

घोडबंदरकर, त्यांना रील कशी चालली ते नको आहे हो, आता थांबवायची कशी ते हवं आहे.

अनघा, अगं मी तुझं बिरडं खाल्लंय! नौपाड्यातल्या हळदीकुंकवाला होतं. काळजी नको करू, मार्ग निघेल.

---

अक्षय_ऐरोली | सोमवार, रात्री १०:२०

सोपं आहे. सगळ्यांची ब्रॉडकास्ट लिस्ट करा आणि एकच मेसेज टाका, "ऑर्डर फुल्ल". दोन मिनिटांचं काम. आणि भाव १६० चा २८० करा. गर्दी आपोआप निम्मी होईल. मागणी-पुरवठा.

---

वाशीकर_वसुधा | सोमवार, रात्री १०:४१

अक्षय, ब्रॉडकास्टचं अर्धंच बरोबर आहे. ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला असतो त्यांनाच तो मेसेज पोचतो. रील बघून आलेल्या ६४० जणांनी अनघाताईंचा नंबर थोडाच साठवलाय? शिवाय एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात. आणि अनोळखी शेकडो लोकांना तोच मजकूर भराभर पाठवत सुटलं तर नंबरच बंद होण्याची भीती असते.

माझी साड्यांची घरगुती विक्री आहे. मी व्हॉट्सॲप बिझनेस वापरते. त्यात मेसेज आला की आपोआप जाणारं उत्तर लावता येतं. आज रात्रीच ते लावलंत तर नवा माणूस विचारायच्या आतच त्याला कळेल. फक्त आधी जुन्या चॅटचा बॅकअप घ्या. तोच नंबर एका वेळी साध्या आणि बिझनेस अशा दोन्हीकडे चालत नाही, बदलायच्या गडबडीत पैसे भरलेल्यांचं बोलणं हरवलं तर फार वाईट.

भाव वाढवण्याबद्दल : ज्यांनी १६० भरलेत त्यांना तो शब्द आहे. नव्यांचं पुढे बघता येईल.

---

नलिनीकाकू | सोमवार, रात्री ११:१५

अनघा, मी डोंबिवलीत अठरा वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं, आता ठाण्यात मुलाकडे असते. एकदा आमच्याकडेही दिवाळीत असंच झालं होतं, फक्त तेव्हा रील नव्हती, पेपरात चौकट आली होती. म्हणून विचारते, नीट उत्तर दे.

एक किलो सुक्या वालात तुझे किती डबे होतात? आणि तेवढे मोड आलेले वाल सोलायला एका बाईला किती वेळ लागतो? शिजवण्याचं, पॅकिंगचं, मेसेजचं नंतर बघू. बिरड्यात सगळं सोलण्यावर अडतं.

---

अनघा_पाचपाखाडी | सोमवार, रात्री ११:३२

काकू, किलोला साधारण दहा डबे. पाव किलोचा डबा असतो, त्यात ओलं खोबरं, गूळ, आमसूल सगळं आलं. किलोभर वाल सोलायला मला अडीच तास लागतात. आई माझ्यापेक्षा भरभर सोलतात पण तासाभराने त्यांची बोटं आखडतात.

वीस डब्यांना दोन किलो, म्हणजे पाच तास. आम्ही शुक्रवारी दुपारी दोघी बसून करतो, गप्पा मारत. कधी जड गेलं नाही.

---

नलिनीकाकू | सोमवार, रात्री ११:५०

आता गुणाकार कर. १४३ डब्यांना सव्वाचौदा किलो वाल. गुणिले अडीच, म्हणजे साधारण ३६ तास नुसतं सोलणं. तुम्ही दोघी शुक्रवारी सकाळी सहाला बसलात तर पूर्ण होईपर्यंत मध्यरात्र होईल, तेही न उठता, आणि सहा तासांनी स्वयंपाकाला उभं राहायचं. आईंच्या बोटांचं तूच सांगितलंस. म्हणजे येत्या शनिवारी १४३ होणार नाहीत. हे आजच मान्य कर. शुक्रवारी रात्री मान्य करावं लागलं तर ७१ जणांची ताटं रिकामी राहतील.

आधीपासून सोलून ठेवू म्हणशील, तर त्यालाही मर्यादा आहे. सोललेलं बिरडं कोरड्या फडक्यावर पसरून डब्यात घातलं तर फ्रिजमध्ये दोन दिवस छान राहतं. मी तिसऱ्या दिवशीचं विकलं नाही कधी. म्हणजे शनिवारसाठी गुरुवारचं आणि शुक्रवारचं सोलणं, बस. तिसरं कोणी येणारं आहे का घरातलं?

तिघी रोज अडीच तास बसलात तर दिवसाला तीन किलो होतात. दोन दिवसांचे सहा. साठ डबे. हा तुझा आकडा. साठच्या पुढचा एकसष्ठावा डबासुद्धा या शनिवारी नको.

भिजवण्याचं वेळापत्रक लिहून फ्रिजवर लाव. गुरुवारी सोलायचे वाल मंगळवारी रात्री भिजत, बुधवारी सकाळी उपसून फडक्यात. शुक्रवारचे बुधवारी रात्री भिजत, गुरुवारी सकाळी फडक्यात. श्रावणातली दमट हवा आहे, मोड झरझर येतात, रात्री उठून एकदा हात लावून बघ.

बाकी उद्या सांगते, डोळे मिटतायत.

---

कळव्याचा_केदार | मंगळवार, सकाळी ७:१०

एवढं कशाला? जांभळी नाक्याला भाजीवालीकडे सोललेलं बिरडं आयतं मिळतं. श्रावणात तर टोपल्याच्या टोपल्या असतात. दहा किलो उचला, शिजवा, १४३ च्या १४३ द्या.

---

सुलभा_नौपाडा | मंगळवार, सकाळी ७:४५

केदार, मिळतं खरं. मी स्वतः आणते घरच्यापुरतं. पण कधी छान असतं, कधी त्याला पाण्यात पडून राहिल्याचा वास असतो. आणि लोक अनघाच्या हातचं म्हणून येतायत ना?

---

कळव्याचा_केदार | मंगळवार, सकाळी ८:०२

हात शिजवण्याचा, सोलण्याचा नाही. हॉटेलवाले कांदा स्वतः पिकवतात का? चव वाटणात आणि फोडणीत असते.

---

अनघा_पाचपाखाडी | मंगळवार, सकाळी ९:१५

केदारदादा, एकदा घेतलं होतं, आईंच्या आजारपणात. पाण्यात ठेवून फुगलेलं होतं. शिजताना अर्ध्या डाळिंब्यांचा लगदा झाला. आमच्या बिरड्यात दाणा अख्खा राहायला हवा आणि बोटाने दाबला की लोण्यासारखा दबायला हवा. त्या दिवशीचा पातेलाभर मी घरात वाढला, डबे दिले नाहीत. चांगलं मिळालं तर चव जमेल हे मी नाकारत नाही. पण दहा किलोत कुठलं किती जुनं आहे हे मला ओळखता येणार नाही.

नलिनीकाकू, रात्री तुमचं वाचून आधी रडू आलं आणि मग झोप लागली. माझी धाकटी जाऊ विटाव्याला असते, ती गुरुवार-शुक्रवार येते म्हणाली. साठ हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय.

वसुधाताई, बॅकअप घेऊन बिझनेसवर गेले. आपोआप उत्तर लावलंय. पण मेसेज येतच आहेत. आत्ता ९१०.

---

नलिनीकाकू | मंगळवार, सकाळी १०:००

येणारच. तू खाली पोछा मारतेयस आणि नळ वर चालू आहे. ज्या मुलीने रील टाकली तिला फोन कर.

---

वाशीकर_वसुधा | मंगळवार, सकाळी १०:१८

काकूंनी बरोबर ओळखलं. व्हिडिओ आता बदलता येत नाही, पण त्याखालचा मजकूर नंतरही बदलता येतो. तिथून नंबर काढायला सांगा आणि पहिल्याच ओळीत "ऑर्डर सध्या बंद, पुन्हा कधी ते इथेच कळवू" असं लिहायला सांगा. एक कमेंट तशीच लिहून वर पिन करायची. लोक कमेंटमध्येच नंबर मागत असतात आणि दुसरे लोक उत्साहाने देत असतात, तिकडेही लक्ष ठेवायला सांगा.

---

नेरुळची_नीता | मंगळवार, सकाळी ११:०५

माझा अनुभव सांगते, थोडा वेगळा आहे पण उपयोगी पडेल.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत माझ्या बेसनलाडवांचं असं झालं होतं. नेरुळच्या एका मोठ्या ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला. मी पैशाचे स्क्रीनशॉट बघून नावं लिहीत गेले. दिवाळी झाल्यावर बँकेचं पान काढलं तर चौदा जणांचे पैसे आलेच नव्हते. काहींनी जुनाच स्क्रीनशॉट पाठवला होता, काहींचा व्यवहार अडकून परत गेला होता आणि त्यांनाही ते माहीत नव्हतं. उलट दोघांचे पैसे आले होते आणि त्यांचं नाव माझ्या वहीत नव्हतं. त्या दोघांना भाऊबीजेला लाडू मिळाले नाहीत. त्यातल्या एका आजोबांनी मला फोन करून शांतपणे विचारलं, "बेटा, आमचं राहिलं का?" ते अजून कानात आहे.

अनघा, १४३ हा आकडा स्क्रीनशॉट मोजून आलाय की खात्यातल्या नोंदी मोजून?

---

अनघा_पाचपाखाडी | मंगळवार, दुपारी १:५०

नीता, तू विचारलंस म्हणून आत्ता दोन तास बसले. खात्यातल्या नोंदी ६८. डबे १३६. म्हणजे तिघांचे, सात डब्यांचे पैसे आलेलेच नाहीत. त्यातल्या एका काकूंना फोन केला, त्यांचे पैसे खरंच अडकले होते, त्या बिचाऱ्या माझीच माफी मागत होत्या.

आता नवी वही केली. तारीख नाही, वेळ नाही, फक्त खात्यात पैसे पडल्याचा क्रम. एक ते अडुसष्ट. समोर डबे आणि फोन. रीलवाल्या मुलीने नंबर काढला, कमेंट पिन केली. ती फार ओशाळली होती. मी तिला म्हटलं, तुझी काही चूक नाही, तुझ्यामुळे माझ्या सासूबाईंचं बिरडं इतक्या लोकांनी पाहिलं.

आता या ६८ जणांना काय सांगू? साठ डबे म्हणजे क्रमाने पहिले ३१ जण बसतात.

---

अक्षय_ऐरोली | मंगळवार, दुपारी २:१५

प्रत्येकाचे निम्मे करा ना. दोन मागितलेत त्याला एक द्या. सगळे खूश.

---

नलिनीकाकू | मंगळवार, दुपारी २:४०

अक्षय, एका डब्यात दोन माणसं जेवतात. चार माणसांच्या घरी एक डबा गेला तर कोणीच खूश नाही. शिवाय ६८ घरी ६८ डबे म्हणजे पुन्हा साठच्या वर गेलोच.

अनघा, पहिल्या ३१ ना साधा मेसेज, "शनिवारी अमुक वेळेला." उरलेल्या ३७ जणांना मात्र फोन. मेसेज नाही, फोन. "तुमचे पैसे मिळालेत, तुमचा नंबर इतका आहे, या शनिवारी माझ्याच्याने होणार नाही. पुढचा शनिवार किंवा त्यापुढचा, नाहीतर आत्ता लगेच पैसे परत." एवढंच. कारणांची कहाणी नको. जो परत मागेल त्याला फोन ठेवल्या ठेवल्या पाठव, संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवू नकोस. माणूस उशिराने चिडत नाही, अंधारात ठेवलं की चिडतो.

आणि शिजवण्याचं. तू वीस डब्यांचं एका लंगडीत करतेस ना? साठ डब्यांचं एका मोठ्या पातेल्यात टाकू नकोस. खालचे दाणे वरच्यांच्या वजनाने मोडतात, आणि ढवळायला डाव घातलास की संपलं. पसरट लंगड्या घे, एकेकीत पंधरा डब्यांचं, चार वेळा कर. डाव न घालता लंगडी हलवायची. वेळ जास्त लागेल पण दाणा तुझाच राहील.

---

मिहिर_खारघर | मंगळवार, सायंकाळी ६:३०

मी एका कंपनीच्या कँटीनचं स्वयंपाकघर बघतो. एक गोष्ट जोडतो.

वीस डबे तुम्ही करता आणि तासाभरात जातात. साठ डबे सकाळी सहापासून केले आणि शेवटचा दुपारी दीडला गेला, तर पहिल्या घाण्यातलं बिरडं सात तास कोमट बसतं. ओलं खोबरं आहे, श्रावणाची हवा आहे. ६० अंशांच्या खाली आणि ५ च्या वर ते जितका वेळ राहील तितकं आंबायला संधी. गरम असतानाच झाकण लावलं तर आत वाफेचं पाणी सुटतं आणि मधला भाग तासन्‌तास गार होत नाही. उघडल्यावर आंबूस वास आणि कडेला बारीक फेस दिसला की समजायचं.

म्हणून घाणा आणि वेळ जुळवा. पहिल्या घाण्याचे पंधरा डबे ९ ते १० मध्ये, दुसऱ्याचे १० ते ११, असं. प्रत्येक घाणा परातीत पातळ पसरून पंख्याखाली निववा, मग भरा. डब्यावर "आजच खा, उरल्यास फ्रिजमध्ये" लिहा. सोसायटीच्या फाटकावर डिलिव्हरीवाल्या मुलांची गर्दीही त्यामुळे होणार नाही.

एक प्रश्न, अन्न नोंदणी केलेली आहे ना? एवढ्या अनोळखी लोकांपर्यंत गेल्यावर कोणीतरी विचारतंच.

---

अनघा_पाचपाखाडी | मंगळवार, रात्री १०:१०

मिहिर, नोंदणी आहे. दोन वर्षांपूर्वी foscos.fssai.gov.in वर स्वतःच केली होती. १४ आकडी नंबर डब्याच्या चिकटपट्टीवर असतो. आज कमेंटमध्ये दोघांनी विचारलंच, फोटो टाकला.

३७ पैकी ३४ जणांशी बोलले. घसा बसलाय. २१ जण पुढच्या शनिवारी चालेल म्हणाले, आठ त्यापुढच्या. पाच जणांनी पैसे परत घेतले, लगेच पाठवले. एक गृहस्थ फार बोलले, "झेपत नाही तर जाहिरात कशाला करता?" मी ऐकून घेतलं. त्यांच्या आईसाठी हवं होतं, त्या आजारी आहेत. फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. या शनिवारी आमच्या घरासाठी म्हणून काढणार होते तो डबा त्यांच्या आईंना देते असं कळवलं. साठातच बसतंय, काकू.

आत्ता पहिले तीन किलो भिजत घातले.

---

सुलभा_नौपाडा | मंगळवार, रात्री १०:२५

अनघा, मी शुक्रवारी सोलायला येऊ? आमच्याकडे वाल सोलायला काढले की सगळ्यांना एकदम महत्त्वाचे फोन येतात, त्यामुळे मला एकटीने सोलायची चांगली सवय आहे.

---

अनघा_पाचपाखाडी | मंगळवार, रात्री १०:३१

ये गं. येच.

---

घोडबंदरकर | बुधवार, सकाळी ८:२०

सगळा धागा वाचला. बायकोलाही वाचायला दिला. ती म्हणाली, आधी आपल्या ओव्हनमध्ये दिवसाला किती केक होतात ते मोज. मोजले. सहा. मग गाण्याचं बघू.

---

अनघा_पाचपाखाडी | शनिवार, रात्री ९:००

झालं. पण सरळ नाही झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

गुरुवारचे तीन किलो उत्तम निघाले. मी ते चाळण्यांमध्ये तीन पोटल्या करून ठेवले होते. शुक्रवारचे तीन किलो मात्र गुरुवारी सकाळी घाईत एकाच मोठ्या पंच्यात बांधले, कारण बाकीची फडकी वाळत होती. शुक्रवारी सकाळी पोटली सोडली तर कडेचे वाल छान, पांढरेशुभ्र मोड. मधे हात घातला तर गरम. अक्षरशः गरम, आणि बुळबुळीत. हात नाकाशी नेला तर आंबूस. आईंनी एक दाणा चिमटीत धरून दाबला, साल सुटायच्या ऐवजी दाणाच पिचला. काही न बोलता त्यांनी परात पुढे ओढली आणि मधले सगळे वेगळे काढायला बसल्या. अर्धे गेले. दीड किलो.

म्हणजे पंधरा डबे कमी. शुक्रवारी सकाळी साडेनऊलाच यादीतल्या शेवटच्या आठ जणांना फोन केले. सहा जण पुढच्या आठवड्यावर गेले, दोघांनी पैसे परत घेतले. त्या आजारी आजींचा डबा मात्र काढून ठेवलेल्यातून गेला.

पंचेचाळीस डबे तीन घाण्यांत, वेळेप्रमाणे. शेवटचा डबा ११:५० ला गेला. दाणा अख्खा राहिला. सुलभाताईंनी दोन तास सोललं आणि एकही दाणा मोडला नाही.

काकू, ते मधेच का गरम झालं? इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं.

---

नलिनीकाकू | शनिवार, रात्री ९:३५

चूक माझी, मी सांगायला हवं होतं. मोड येताना दाणा जिवंत असतो, श्वास घेतो, ऊब सोडतो. दोन किलो दोन पोटल्यांत असतात तेव्हा ती ऊब बाहेर जाते. तीन किलो एका गाठोड्यात घट्ट बांधले की मधली ऊब कोंडते, हवा पोचत नाही, आणि तिथे मोड येण्याऐवजी वाल कुजायला लागतात. अर्ध्या किलोच्या वर पोटली नको. सैल बांध, चाळणीत ठेव, खाली ताट, आणि सकाळ-संध्याकाळ पोटली उलटी कर. गाठोड्याच्या मधे हात घालून बघायचा, कडेला नाही. त्या दिवशी मी "हात लावून बघ" एवढंच म्हणाले, कुठे ते सांगितलं नाही.

फेकलंस ते बरोबर केलंस. असे वाल धुऊन, जास्त आमसूल घालून खपवणारे मी पाहिलेत.

---

कळव्याचा_केदार | शनिवार, रात्री १०:०५

मी अजूनही म्हणतो, ते दीड किलो गेले तेव्हा जांभळी नाक्यावरून दीड किलो आणता आलं असतं. समोर बघून, वास घेऊन. पंधरा डबे अडले नसते.

---

अनघा_पाचपाखाडी | शनिवार, रात्री १०:२०

केदारदादा, आईसुद्धा शुक्रवारी हेच म्हणाल्या! आमच्यात त्यावरून जरा झालंही. त्यांचं म्हणणं, दीड किलो मी बघून आणते, दहा किलो आणणार नाही. मला अजून पटत नाही, पण त्यांनी आयुष्यभर बिरडं केलंय. बघू.

आणि पहिल्या प्रश्नाचं राहिलंच. न उघडलेले मेसेज आता ११०० च्या आसपास आहेत. सगळ्यांना उत्तर देणं होणार नाही. वसुधाताई, काय करू त्यांचं?

---

वाशीकर_वसुधा | शनिवार, रात्री १०:४४

त्यातल्या मंगळवारपासून लिहिणाऱ्यांना आपोआप उत्तर गेलेलंच आहे, तेवढं पुरे. रोज रात्री अर्धा तास काढा आणि फक्त ज्यांनी ते उत्तर वाचूनही पुन्हा लिहिलंय त्यांनाच वाचा. माझ्याकडे अशा वेळी शंभरात दहा-बाराच परत लिहितात. त्यांना लेबल लावा, "थांबायला तयार". तेच पुढे दर महिन्याला येणारे निघतात. पैसे मात्र त्यांच्याकडून आत्ता घेऊ नका. त्यांचा शनिवार ठरेल तेव्हाच.

---

अनघा_पाचपाखाडी | रविवार, दुपारी १२:१५

सकाळपासून पाहिले. परत लिहिलेले ९४ निघाले. लेबल लावलं.

पुढच्या शनिवारी आधीचे २१ जण आणि कालचे सहा, मिळून ५७ डबे होतात. जाऊ पुन्हा येते आहे, सुलभाताईही. मंगळवारी रात्री तीन किलो भिजत घालायचे, सहा पोटल्या. फडकी आजच धुऊन वाळत टाकलीत.